सोबत जोडले आहे

निवृत्त शिक्षकाचे मराठी चांगले असते अशी आमच्या रावेर तालुक्यात एक समजूत आहे, आणि त्या समजुतीपायी मी आजवर असंख्य लग्नपत्रिका, मानपत्रे आणि एका बैलाच्या मृत्यूबद्दल विमा कंपनीला लिहिलेले एक करुण पत्र असे लेखन केलेले आहे. त्यामुळे गेल्या एप्रिलमध्ये भाच्याने केळी वेफर्सचा कारखाना काढण्याचे ठरवले, तेव्हा बँकेत द्यायचा प्रकल्प अहवाल माझ्याच गळ्यात पडणार हे उघड होते. जळगाव जिल्ह्यासाठी केळी हेच ठरवून दिलेले उत्पादन असल्यामुळे, सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या केंद्रीय योजनेतून पात्र खर्चाच्या ३५ टक्के, परंतु जास्तीत जास्त १० लाख रुपये अनुदान मिळण्याची आशा होती. किमान १० टक्के रक्कम घरची घालायची आणि उरलेले कर्ज काढायचे, इतका हिशेब भाच्याने तोंडपाठ केलेला होता. अहवाल लिहायला मला चार दिवस लागले. त्याला काय काय जोडायचे, हे ठरवायला महिना गेला.

भाचा पहिल्या दिवशीच एक फाईल घेऊन आला. तिच्यात १८६ पाने होती. केळीचा घड खांद्यावरून उतरवावा तशी त्याने ती माझ्या पलंगावर ठेवली आणि म्हणाला, “मामा, काहीच कमी पडू नये म्हणून सगळं आणलं.” सगळे म्हणजे खरोखरच सगळे होते. सातबारा होता, आठ-अ होता, दहावीची गुणपत्रिका होती, योगशिबिराचे प्रमाणपत्र होते, एका कृषी प्रदर्शनात स्लायसरशेजारी उभे राहून काढलेला फोटो होता, आणि आधार कार्डाच्या तर नऊ प्रती होत्या. एक हरवली तर असावी म्हणून बाकीच्या आठ. आम्ही ती फाईल तशीच स्पायरल बांधून बँकेत नेली. कर्ज विभागातील अधिकारी बाईंनी ती पुढून उघडलीच नाही. त्यांनी ती उलटी केली, मागची पाने चाळली आणि शांतपणे मला परत दिली. “सर, मी परिशिष्टं आधी बघते,” त्या म्हणाल्या. “पुढे जे लिहिलंय, ते मागे सापडलं पाहिजे. आणि मागे जे आहे, ते पुढे कुठेतरी आलेलं असलं पाहिजे.”

चाळीस वर्षे मुलांना संदर्भासहित स्पष्टीकरण करायला लावणाऱ्या माणसाला हे वाक्य फार लागले. घरी आल्यावर मी लाल पेन घेतले आणि माझ्याच अहवालात, जिथे जिथे एखादा परका माणूस ‘कशावरून?’ असे विचारील, तिथे तिथे समासात खूण केली. अशा अकरा जागा निघाल्या. मग पलंगावर अकरा चिठ्ठ्या मांडल्या आणि १८६ पानांतील एकेक कागद त्याच्या चिठ्ठीखाली ठेवत गेलो. संध्याकाळपर्यंत अकरा चिठ्ठ्यांखाली मिळून २८ पाने जमली, दोन चिठ्ठ्यांखाली काहीच नव्हते, आणि उरलेली दीडशेहून अधिक पाने अनाथासारखी पंख्याच्या वाऱ्यावर फडफडत होती. आपल्याकडे काय जास्त आहे याचे दुःख मला झाले नाही. त्या दोन रिकाम्या चिठ्ठ्यांनी मात्र झोप उडवली.

परंतु त्याआधी बायोडाटाचे प्रकरण सांगितले पाहिजे. अहवालात ‘उद्योजकास या व्यवसायाचा अनुभव आहे’ असे वाक्य होते आणि त्याखाली भाच्याने चार पानी बायोडाटा ठेवला होता. त्याच्या पहिल्या ओळीत श्री गणेशाय नमः होते. खाली रास, नाडी, गण, रक्तगट, उंची, मामाचे कुळ (म्हणजे आम्ही) आणि शेवटी ‘अपेक्षा : सुस्वभावी, घर सांभाळून नोकरी करणारी’ असा मजकूर होता. त्याच्याजवळ दुसरा बायोडाटाच नव्हता, कारण आजवर त्याने अर्ज असा केला होता तो स्थळांकडेच. या चार पानांत एक गोष्ट मात्र कुठेच नव्हती. तो सावद्याजवळच्या एका वेफर्सच्या कारखान्यात दोन वर्षे कढईवर उभा होता, तेल किती तापले म्हणजे चकती टाकायची आणि कोणत्या वेळी तेल बदलायचे हे त्याला हाताने कळत होते. मुलीकडच्यांना हे सांगण्यासारखे वाटत नाही म्हणून ते गाळले होते. बँकेला नेमके तेवढेच हवे होते. मी एका पानाचा नवा बायोडाटा केला, त्यात ती दोन वर्षे सर्वांत वर घेतली आणि त्या कारखान्याच्या मालकाकडून कामाचा दाखला आणवून मागे जोडला. हिशेब ठेवणार असलेल्या सुनेचाही (थोरल्या भावाची बायको, वाणिज्य शाखेची पदवीधर) एका पानाचा बायोडाटा घातला, कारण अहवालात तिचे नाव होते. दाजींचा घातला नाही. दाजी त्यावर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

दरपत्रकांना मात्र मी सोपे समजलो होतो. भाच्याने तीन आणली होती. पहिले राजकोटच्या एका उत्पादकाचे, दुसरी दोन जवळपासच्या विक्रेत्यांची. तिन्ही एकाखाली एक ठेवून मी वाचू लागलो, आणि शिक्षकाची सवय आडवी आली. दुसऱ्या आणि तिसऱ्या दरपत्रकात ‘स्लायसर’च्या जागी ‘स्लीपर’ असे छापले होते. दोन मुलांच्या उत्तरपत्रिकेत एकच चूक आढळली की ती चूक कोणाची हे ठरवायचे असते. इथे दोन्ही कागदांच्या तळाशी मोबाइल क्रमांकही एकच निघाला. एकाच विक्रेत्याने ‘तुलनेसाठी एक जास्तीचं’ म्हणून दुसऱ्या नावाने सढळ हाताने काढून दिले होते. असा कागद जोडण्यापेक्षा न जोडलेला बरा, कारण तो एकटा खोटा ठरत नाही, शेजारच्या खऱ्यालाही घेऊन बुडतो. दोन्ही काढून टाकली आणि दुसऱ्या गावच्या विक्रेत्याकडून नवे आणवले.

नवे दरपत्रक स्वस्त होते. ते स्वस्त का आहे हे समजायला यंत्रांचे वर्णन ओळीने ताडावे लागले. राजकोटच्या कागदात कढई, स्लायसर, तेल निथळणारे यंत्र, मसाल्याचा ड्रम आणि पाकिटे भरण्याचे यंत्र अशी पाचही होती. याच्यात तेल निथळणारे यंत्र नव्हतेच आणि कढईची क्षमता निम्मी होती. म्हणजे ही तुलना म्हैस आणि शेळी यांच्या दुधाच्या भावाची होती. त्याला पाचही यंत्रे त्याच क्षमतेची धरून पुन्हा दर द्यायला लावले, तेव्हा तो राजकोटपेक्षा महाग निघाला.

राजकोटचा आकडा ६,७०,००० रुपये होता. मी अहवालात यंत्रसामग्रीसाठी ७,५०,००० लिहिले होते, आणि आपण ऐंशी हजारांनी सुरक्षित आहोत अशा समाधानात झोपलो होतो. सकाळी दरपत्रकाच्या खालची बारीक अक्षरे वाचली. त्यावर १८ टक्के जीएसटी वेगळा होता, म्हणजे १,२०,६००; एकूण ७,९०,६००. वाहतूक आणि उभारणी त्याहून वेगळी. परिशिष्टातील कागद अहवालातील आकड्यापेक्षा ४०,६०० रुपयांनी मोठा होता, आणि बाई तर परिशिष्टच आधी बघणार होत्या. मी यंत्रांचा आकडा बदलला, मग एकूण खर्च बदलला, मग घरचा वाटा, कर्ज आणि हप्ता. एका पानाने मागून ढकलले आणि पुढची सहा पाने हलली.

आता त्या दोन रिकाम्या चिठ्ठ्या. पहिलीवर ‘वीज’ असे होते. अहवालात भाच्याने ‘शेडमध्ये थ्री फेज वीज उपलब्ध आहे’ असे ठामपणे लिहायला लावले होते. मी बिल मागितले, तेव्हा तो आधी पाणी प्यायला. बिल निघाले ते कृषिपंपाचे. “मोटरीवरून घेऊन राहिलो ना मास्तर आपण सगळं,” दाजींनी आतून सांगितले. शेतीच्या जोडणीवर कारखाना चालवता येत नाही, आणि ते बिल परिशिष्टात जोडणे म्हणजे आपल्याच हाताने कबुलीजबाब जोडण्यासारखे होते. शिवाय ती वीज आठवड्याच्या पाळीप्रमाणे कधी दिवसा, कधी रात्री येणार; केळीला रात्री पाणी देता येते, पण पाकिटे भरणाऱ्या बायका रात्री दोनला येणार नाहीत. शेवटी औद्योगिक जोडणीसाठी अर्ज केला. मिळाली ती अर्जाची पोच. ती जोडली, पण अहवालातील वाक्यही ‘उपलब्ध आहे’ यावरून ‘अर्ज केला आहे, पोच परिशिष्ट ड मध्ये’ असे उतरवले. अन्न परवान्याचेही तसेच केले. पोचपावतीला परवाना म्हणण्याचा मोह सगळ्यांना होतो, परंतु पोचेवर तारीख असते आणि ती चुगली करते.

दुसरी रिकामी चिठ्ठी विक्रीची होती, आणि ती रिकामी कशी, याचे भाच्याला आश्चर्य वाटले, कारण त्याने खरेदीची तेवीस इच्छापत्रे आणली होती. मी ती वाचली. बावीस पत्रांत ‘आपल्या उद्योगास हार्दिक शुभेच्छा, आपला माल आम्ही अवश्य घेऊ’ असे होते. किती घेऊ, काय भावाने, केव्हापासून, यांतले काहीच नव्हते, आणि अर्धी पत्रे आमच्याच सोयऱ्यांच्या किराणा दुकानांची होती. ही शुभेच्छापत्रे होती. ती दिवाळीत चालली असती. तेविसावे पत्र भुसावळच्या एका घाऊक व्यापाऱ्याचे होते आणि ते जरासे रुक्ष होते. नमुना पसंत पडल्यास महिन्याला ८०० किलो, सहा महिने, भाव दर महिन्याला ठरवू, खाली सही, शिक्का, तारीख. त्यातल्या ‘पसंत पडल्यास’वर भाच्याची नाराजी होती. मला मात्र त्या एका अटीमुळेच ते पत्र लिहिणारा माणूस खरा वाटला. मग भाच्याला पुन्हा हिंडायला लावले. जळगावच्या एका व्यापाऱ्याने ४५० किलोचे तसेच पत्र दिले.

दोन्ही मिळून १,२५० किलो झाले. अहवालात महिन्याला २,५०० किलो विक्री होती. रोज १०० किलो, पंचवीस दिवस. भाचा म्हणाला, ती बावीस पत्रे लावून टाकू, उरलेले त्यांत भागेल. मी पुढचे वाक्य बदलले आणि पहिल्या वर्षी कारखाना निम्म्या क्षमतेने चालेल असे लिहिले. नफा आटला, पण हप्ता बसत होता.

दीडशे पानांचा ढीग बघून दाजींनी अखेर मौन सोडले. “पिलं कापली म्हणा की,” ते म्हणाले. केळीच्या बुंध्याशी फुटणारी पिले वेळच्या वेळी कापली नाहीत तर घड पोसत नाही, हे त्यांना शिकवावे लागत नाही. फक्त योगशिबिराचे प्रमाणपत्र तेवढे राहू द्या, असे त्यांनी सुचवून पाहिले.

९ मे रोजी, बेचाळीस अंशांच्या उन्हात, अनुक्रमणिका आणि पान क्रमांकांसह ३४ पानांची परिशिष्टे घेऊन आम्ही बँकेत गेलो. बाईंनी ती मागून वाचली. बायोडाटा पाहिला, पोच पाहिली, १,२५० ची बेरीज स्वतः करून पाहिली आणि पहिल्यांदाच मान डोलावली. मग राजकोटच्या दरपत्रकापाशी थांबल्या.

“सर, हे २ एप्रिलचं आहे. मुदत तीस दिवस.”

मी महिनाभर लाल पेन घेऊन बसलो होतो, तेवढ्यात तो कागद पलंगावर पडल्या पडल्या कालबाह्य झाला होता. बँकेच्या व्हरांड्यातूनच भाच्याने राजकोटला फोन लावला. कढई दहा हजारांनी वाढली होती. करासह ११,८००, एकूण ८,०२,४००. नवे दरपत्रक व्हॉट्सॲपवर येईपर्यंत आम्ही समोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उसाचा रस घेतला. ते आल्यावर भाच्याने आधी खालची बारीक अक्षरे मोठी करून वाचली.

“मामा, पंधरा दिवस,” तो म्हणाला, आणि मी उभ्या उभ्याच लाल पेनाचे टोपण काढले.