काउंटरवरच्या रॅकबद्दल: एका ताईंच्या तक्रारीला पार्लरकडून उत्तर

दोन तारे. "कट चांगला झाला. पण बिल द्यायला काउंटरला गेले तर तिथं दुकानच मांडलेलं. टेस्टरवर सगळ्या जुन्या तारखा. लिपस्टिक ओठाला लावून बघू दिली नाही, मुलीनं काडीनं हातावर लावली. ६५० रुपयांचं सिरम डोळ्यासमोर आणि २४० ची छोटी बाटली खाली. एका शाम्पूवर तर दोन-दोन किमती! वर तेच सिरम ऑनलाइन कमी भावात मिळतं. ग्राहकाच्या गळ्यात मारायची ही सगळी मांडणी आहे."

नमस्कार ताई,

कट आवडला हे वाचून बरं वाटलं. बाकीच्याचं उत्तर जरा लांबलंय, कारण बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या या छोट्या जागेत ते रॅक कसं लावायचं यावर आम्ही बराच विचार केलाय, आणि तुमच्यासारखं बारकाईनं बघणारं गिऱ्हाईक रोज येत नाही.

आधी केसांचं सिरम, कारण खरा राग तिथंच दिसतोय. रॅकला तीन कप्पे आहेत. वरचा जमिनीपासून साधारण पावणेपाच फुटांवर, म्हणजे पैसे द्यायला उभ्या राहिलेल्या बाईची नजर सरळ जाते तिथं. मधला कमरेच्या जरा वर, हात सहज पोचतो तिथं. अगदी खाली लिटरच्या जड बाटल्या, कारण त्या वरून पडल्या तर पायावर पडतात. तुम्ही बघितलेली छोटी बाटली मधल्या कप्प्यात, टेस्टरच्या शेजारी आहे. तीस मिलीच्या बाटलीवरची अक्षरं एवढी बारीक असतात की लांबून कुणालाच वाचता येत नाहीत. ती हातात घेऊन, फिरवून बघावी लागते. मोठी बाटली लांबूनही वाचता येते, म्हणून ती वर. आणि खरं सांगायचं तर छोट्या वस्तू काउंटरच्या मुलीच्या नजरेच्या टप्प्यात असलेल्या बऱ्या, नाहीतर महिनाअखेरीला हिशेब लागत नाही.

आता कुठली स्वस्त ते बघू. शंभर मिलीला ६५० म्हणजे मिलीला साडेसहा रुपये. तीस मिलीला २४० म्हणजे मिलीला आठ. या हिशेबानं मोठीच स्वस्त. पण हा हिशेब एकटा घेऊन बाटली उचलली तर फसायला होतं, म्हणून कप्प्याच्या कडेला किमतीच्या पट्टीखाली आम्ही आणखी एक ओळ लिहिली आहे: कुठल्या केसांना किती दिवस पुरेल. या बाटलीचा पंप एका दाबाला साधारण अर्धा मिली सिरम देतो. कमरेपर्यंतच्या दाट केसांना तीन दाब लागतात. आठवड्यातून दोनदा केस धुतले तर आठवड्याला तीन मिली, आणि शंभर मिली साडेसात-आठ महिने जातं. खांद्यापर्यंतच्या केसांना एक दाब पुरतो. म्हणजे आठवड्याला एक मिली, आणि तीस मिलीची बाटली सात महिने पुरते. हीच बाई शंभर मिलीची घेऊन गेली तर ती संपायला जवळजवळ दोन वर्षं लागतील. बाटलीवर उघड्या डबीचं चित्र आणि आत १२एम असं छापलेलं आहे, म्हणजे उघडल्यापासून बारा महिन्यांत संपवायची. निम्मं सिरम टाकून द्यावं लागेल. त्यापेक्षा तिनं दोन छोट्या घेतल्या तर ४८० रुपयांत वर्ष निघून वर थोडं उरतं. तुमचा नवा कट खांद्यापर्यंतचाच आहे. तुम्ही विचारलं असतं तर काउंटरच्या मुलीनं तुम्हाला मधल्या कप्प्यातलीच बाटली दाखवली असती.

वरच्या कप्प्यात सगळ्यांत महाग ते ठेवायचं असं आमचं गणित नाही. खुर्चीवर त्या आठवड्यात जे जास्त वापरलं जातं ते तिथं येतं. केसांना काय लावलं ते बाईनं आरशासमोर बघितलेलं असतं, तीच बाटली बाहेर ओळखीची वाटते. प्रत्येक वस्तूच्या दोन-तीनच बाटल्या पुढं ठेवतो, बाकी आत कपाटात. ठासून भरलेल्या रांगेतून बाटली काढायला लोक कचरतात, आणि एकच उरली तर उरलासुरला माल समजून हात लावत नाहीत. हे सगळं विकलं जावं म्हणूनच करतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

टेस्टरवरची तारीख तो उघडल्याची आहे. त्यावर एक्सपायरी लिहिलेली नसते. सीलबंद बाटलीची मुदत वेगळी आणि झाकण उघडल्यावर सुरू होणारी वेगळी. टेस्टरला तर दिवसभर दहा जणींचा हात, पंख्याची धूळ आणि आपल्याकडचा पावसाळा, त्यामुळं डबीवर छापलेले महिनेही आम्ही पूर्ण होऊ देत नाही. तारीख लिहिली नाही तर तो कधी बदलायचा हे दुकानात कुणालाच कळत नाही. तारीख नसलेला टेस्टर कुठंही दिसला तर हात लावू नका, माझ्याही दुकानात. बिघडलेला टेस्टर ओळखायला तसा सोपा असतो. लिपस्टिकवर घामासारखे थेंब येतात किंवा खवट वास येतो. कॉम्पॅक्ट पावडरवर बोटांच्या तेलानं चकचकीत कडक पापडी धरते आणि मग रंग उचललाच जात नाही. व्हिटॅमिन सीचं सिरम उजेडानं आणि हवेनं पिवळट, पुढं तपकिरी होतं. म्हणून ते काचेच्या बाजूला कधीच ठेवत नाही. दुपारनंतर तिथं सरळ ऊन येतं, आणि त्या कोपऱ्यात फक्त कंगवे आणि क्लिपा आहेत.

टेस्टरवर 'विक्रीसाठी नाही' अशी चिठ्ठी असते. तो संपत आला तरी कमी भावात कुणाला देत नाही. त्याचा खर्च आमचा.

लिपस्टिकचं मात्र तुम्हाला पटलं नाही तरी बदलणार नाही. ओठावर फोड आणणारा हर्पीसचा विषाणू एकीच्या ओठावरून दुसरीकडं जाऊ शकतो, आणि फोड दिसत नसतानाही तो असू शकतो. आम्ही लिपस्टिकचा वरचा थर स्वच्छ पट्टीनं खरवडतो, ७० टक्के अल्कोहोलनं पुसतो, तरीही ती ओठाला लावायची म्हणून देत नाही. एकदाच वापरायच्या काडीनं रंग घेतो आणि काडी टाकून देतो. तीच काडी परत लिपस्टिकला लावायची नाही, रंग कमी पडला तर नवी काडी. हातावर लावलेल्या रंगाची अडचण आम्हालाही माहीत आहे. मनगट ओठापेक्षा फिकट असतं, त्यामुळं रंग जास्त भडक दिसतो. बोटाच्या टोकाची कातडी ओठाच्या रंगाला त्यातल्या त्यात जवळची, म्हणून मुली तिथं लावतात, आणि ट्यूबलाइटखाली न बघता दारात उजेडाला जाऊन बघायला सांगतात. मस्काराचा टेस्टर आम्ही ठेवतच नाही, त्याचा ब्रश डोळ्याला लागून परत नळीत जातो. हेअर कलरचाही नाही. तिथं रंगवलेल्या केसांच्या बटांचं कार्ड आहे. शेड तेवढी कार्डावरून ठरते, पण अंगाला सोसेल की नाही ते ४८ तास आधी कानामागं लावून बघितल्याशिवाय कळत नाही.

दोन किमतींचा शाम्पू म्हणजे जुन्या जीएसटीच्या वेळचा माल. २२ सप्टेंबर २०२५ पासून शाम्पू आणि केसांच्या तेलावरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. ५९० रुपये छापील किमतीच्या बाटलीत मूळ किंमत ५०० आणि कर ९० होता. आता कर २५, म्हणून ५२५. नवी कमी किंमत चिकटवायला परवानगी आहे, पण कंपनीनं छापलेली जुनी किंमत नव्या चिठ्ठीनं झाकायची नाही, असा वजनमापाचा नियम आहे. म्हणून तुम्हाला दोन्ही आकडे दिसले. घ्यायची ती कमीचीच, आणि बिलातही तीच लागते. उलट कुठं छापील किंमत झाकून वर चिठ्ठी लावलेली दिसली तर तिथं जरूर विचारा. याच कारणानं आमची स्वतःची किंमत आम्ही बाटलीवर चिकटवत नाही, कप्प्याच्या कडेच्या पट्टीत घालतो. पट्टी प्लास्टिकची आहे. कागदाच्या चिठ्ठ्या इथल्या पावसात आठवड्यात गोळा होतात आणि शाई पसरून ३ चा ८ होतो. पट्टीवर मराठी आणि कन्नड दोन्ही आहे, कारण खानापूरकडच्या बायका मराठीतून वाचतात आणि बैलहोंगल, गोकाकहून लग्नाच्या मेकअपला येणाऱ्या कन्नडमधून. किंमत विचारायला संकोच वाटतो आणि बाई न विचारताच निघून जाते, हे मी माझ्या दुकानात बघितलंय. आकडा मोठा आणि समोर असला की तिला तोंड उघडायची गरज पडत नाही.

ऑनलाइन भावाचं म्हणाल तर होय, सेलमध्ये ते आमच्यापेक्षा कमी असतं. छापील किंमत ही वरची मर्यादा आहे, त्याखाली ज्याला जेवढं परवडेल तेवढं तो उतरतो. मोठ्या गोदामाशी मी भावात टिकणार नाही. इथं लावून बघा, बाटलीचा फोटो काढा आणि तिकडून मागवा, कुणी वाकडं बघणार नाही. फक्त आल्यावर सील आणि बनवल्याचा महिना बघून घ्या.

राहिलं गळ्यात मारण्याचं. काउंटरच्या विक्रीवर आमच्या मुलींना कमिशन नाही. कात्री चालू असताना गिऱ्हाइकानं विचारल्याशिवाय वस्तूचं नाव काढायचं नाही, असं त्यांना सांगून ठेवलंय. त्यामुळं जे काही बोलायचं ते रॅकच्या पट्टीनंच बोलायचं, आणि ती तुम्ही वाचलीत म्हणून तर एवढं लिहिता आलं.

सिरम खरंच बघायचं असेल तर हातावर लावून काही कळणार नाही. तिथं फक्त वास आणि चिकटपणा समजतो. केस धुवून, वाळवून, तेल वगैरे काही न लावता या. एका बाजूच्या टोकांना अर्धा दाब लावू, दुसरी बाजू तशीच सोडू. पैसे नाहीत. तशाच घरी जा, संध्याकाळपर्यंत फरक दिसला तर छोटी बाटली घ्या, नाही दिसला तर सोडून द्या. मंगळवारी आम्ही बंद असतो.