मुद्देसूद अपमान

मी सांभाळत असलेल्या प्रकल्पाची सूत्रे माझ्याकडून काढून घेतल्याचे मला परवा कळले, आणि तेही मुद्देसूद. साहेबांच्या मेलमध्ये नमस्कारानंतर थेट पाच ओळी होत्या: ‘आपले योगदान मोलाचे’, ‘वेळापत्रकात दिरंगाई’, ‘ग्राहकाचा अभिप्राय प्राप्त’, ‘नेतृत्वात बदल’ आणि ‘शुक्रवारपर्यंत हस्तांतरण’. प्रत्येक ओळीच्या आधी बरोबरची हिरवी खूण होती, म्हणजे माझी उचलबांगडीही पूर्ण झालेल्या कामांत जमा झाली होती.

दिरंगाई कोणामुळे झाली, अभिप्राय बरा होता की वाईट, आणि बदल दिरंगाईमुळे झाला की अभिप्रायामुळे, यांतले काहीही त्या ओळींत नव्हते. ग्राहकाकडूनच माहिती उशिरा आली होती, हे साहेबांना ठाऊक आहे. पण ‘कारण’ आणि ‘तरीही’ हे शब्द गाळले की वाचणारा स्वतःच दुवे जोडतो आणि अशा प्रसंगी तो नेमका सर्वांत वाईट दुवा निवडतो. मी तर रात्रभर निवडत होतो.

सहानुभूती मिळेल या आशेने मी तो मेल शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्यांना दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, पडद्यावरचा मजकूर मोठा केला आणि भारावलेल्या स्वरात म्हणाले, ‘‘वा! एकही मुद्दा दुसऱ्या ओळीवर गेलेला नाही.’’

‘‘अहो, पण माझे काम गेले.’’

‘‘तेच म्हणतोय मी. लांबलचक लिहिले असते, तर हे कळायला तुम्हाला किती वेळ लागला असता!’’ मग त्यांचा चेहरा किंचित पडला. ‘‘फक्त पहिला मुद्दा खटकतो. बाकीचे कसे शीर्षकासारखे आहेत; हा वाक्यासारखा वाटतो. ‘मोलाचे योगदान’ म्हटले असते तर रांग सरळ झाली असती.’’

माझ्या योगदानाला रांगेत उभे करण्याचा हा उत्साह पाहून मी म्हणालो, की ‘काम चांगले होते, तरीही बदल करावा लागतो आहे’ एवढे तरी लिहायला हवे होते.

‘‘तरीही?’’ ते खरोखर विचारात पडले. ‘‘ते बुलेटमध्ये बसत नाही हो.’’

माझे सगळे म्हणणे त्यांनी अनवधानाने एका वाक्यात मांडले होते, पण ते त्यांच्या गावीही नव्हते. म्हणून मी त्यांना 2003 मधल्या कोलंबिया यानाची गोष्ट सांगितली. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरचा फोमचा तुकडा पंखावर आदळला होता आणि यान अवकाशात असतानाच अभियंत्यांनी त्या धोक्याबद्दल एक स्लाइड केली. तिचे शीर्षक दिलासा देणारे होते. मात्र प्रत्यक्ष तुकडा 1920 घन इंचांचा आणि चाचणीतला केवळ 3 घन इंचांचा, म्हणजे फरक 640 पटींचा, ही गोष्ट तळाशी, मुद्द्याच्या पोटातल्या मुद्द्यात दडली होती. परतताना यान फुटून सात अंतराळवीर गेल्यावर चौकशी मंडळाने अहवालात या स्लाइडवरही बोट ठेवले.

‘‘खालच्या ओळीचा फाँट वाढवायला हवा होता,’’ ते म्हणाले.

त्यांच्याशी बोलणे सोडून मी तो मेल स्वतःच पुन्हा लिहून पाहिला: ‘सोमवारपासून या प्रकल्पाचे नेतृत्व दुसऱ्या सहकाऱ्याकडे देण्याचा निर्णय मी घेतला आहे. झालेला उशीर मुख्यतः ग्राहकाकडून माहिती वेळेवर न आल्यामुळे होता, याची मला कल्पना आहे. तरीही त्यांनी नवा संपर्क मागितला आहे आणि ती मागणी मला नाकारता आली नाही. तुमच्या वार्षिक मूल्यमापनावर याचा परिणाम होणार नाही.’ वाईट बातमी पहिल्याच वाक्यात आहे, कारण तिला सातव्या ओळीपर्यंत लपवणारा परिच्छेद बुलेटइतकाच छळतो. निर्णय ‘घेण्यात आला’ नसून कोणीतरी घेतला आहे. आणि हे लिहिताना ‘तरीही’च्या दोन्ही बाजूंना काहीतरी लिहावेच लागते. साहेबांनी बुलेट का निवडले असावेत, हे मला तिथेच उमगले.

पाचव्या मुद्द्याशी माझे भांडण नाही. कोणत्या फाइल, कोणाचे परवाने, कोणत्या बैठका, ही यादीच असायला हवी. तिच्या ओळी वरखाली केल्या तरी काही बिघडत नाही. पहिल्या चार ओळी मात्र उलटसुलट लावून पाहाव्यात. ‘अभिप्राय’ शेवटी नेला, तर तो बदलाचे कारण न राहता बदलाचे कौतुक वाटू लागतो. ओळ हलवल्याने अर्थ हलत असेल, तर ती यादी नव्हे. जोडणारे शब्द खोडून उरलेला तो परिच्छेद असतो.

माझा हा मसुदा त्या सहकाऱ्यांनी खांद्यावरून वाचला. मजकूर चांगला आहे पण अंगावर येतो, असे त्यांचे मत पडले, आणि दुपारी त्यांनी तो मला तक्त्यात बसवून पाठवला. त्यात ‘निर्णय’, ‘कारण’ आणि ‘भावना’ असे तीन रकाने असून, तिसऱ्यात ‘लागू नाही’ असे लिहिलेले आहे.