एका राउटरमागे दुसरा राउटर, आणि मी कायम बाहेर

परत तेच! काल रात्री गेम लावला तर स्क्रीनवर NAT Type: Strict, म्हणजे बाहेरून येणारं कनेक्शन राउटर आत सोडत नाहीये, मित्रांचा आवाज येत नाही, लॉबी जॉइन होत नाही, आणि फ्लॅटमधले बाकीचे म्हणतात नेट तर मस्त चालतंय की. अरे चालणारच, व्हिडिओ बघायला आतून बाहेर जाणारं कनेक्शन लागतं, ते दोन काय चार राउटरमधूनही जाईल. बोंब होते ती बाहेरून आत येताना.

रेंज मिळत नाही म्हणून रूममेटने हॉलमधल्या राउटरच्या मागे स्वतःचा राउटर लावलाय आणि केबल थेट WAN पोर्टमध्ये, म्हणजे बाहेरचं नेट आत घ्यायच्या भोकात, खुपसलीये. त्या आतल्या राउटरचं स्टेटस पेज उघडलं तर WAN IP दिसतो 192.168.1.14, म्हणजे हा पब्लिक अ‍ॅड्रेस नाहीच, बाहेरच्या राउटरने दिलेला घरगुती नंबर आहे. गेमचं बाहेरून येणारं पॅकेट माझ्या मशीनकडे यावं म्हणून मी बिचारा आतल्या राउटरवर 25565 पोर्ट फॉरवर्ड करून बसलो, पण पॅकेट आधी पोचतं बाहेरच्या राउटरवर आणि त्याला पुढे कोणाला द्यायचं हेच माहीत नाही, मग तो टाकून देतो.

उपाय पाच मिनिटांचा आहे हो! आतला राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, मग तो स्वतः अ‍ॅड्रेस वाटत नाही, वायफाय तेवढंच पसरतं आणि पोर्ट एकाच ठिकाणी उघडावा लागतो. मी दोनदा करून दिलं. दोन्ही वेळा नेट जरा स्लो झाल्यावर रूममेटने पिन घालून रिसेट मारला आणि राउटर परत जुन्या मोडवर! त्या रिसेटच्या भोकावर आता मी चिकटपट्टी लावणारे.