सोपे पुस्तक आणि त्यातून सुटलेले वाक्य : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : “सामान्य माणसासाठीच्या सोप्या कायदेपुस्तकांवरचा तुमचा लेख वाचला. मी सोलापुरातच वकिली करतो. अशी पुस्तके वाचून ग्राहक आयोगात स्वतः तक्रार दाखल करणारे लोक शेवटी आमच्याकडेच येतात, आणि तोवर प्रकरण बिघडलेले किंवा मुदत संपलेली असते. कायदा बदलतो, पुस्तक तेच राहते. लोकांना वकिलाकडे पाठवायचे सोडून तुम्ही पुस्तकाकडे पाठवता, हे मला बेजबाबदारपणाचे वाटते.” – एक वकील वाचक

आदरणीय वकीलसाहेब,

सप्रेम नमस्कार. तुम्ही रोज जे पाहता ते नाकारण्याचा मला अधिकार नाही आणि तशी इच्छाही नाही. पण बिघडलेले प्रकरण हाती आल्यावर ते नेमके कोणत्या ठिकाणी बिघडले, हे तुम्ही पाहतच असाल. तेच मी पुस्तकांच्या बाबतीत करून पाहिले. माझे मत असे झाले आहे की अपाय पुस्तकाच्या सोपेपणाने फारसा होत नाही. सोपे करण्याच्या भरात लेखक नियम ठेवतो आणि त्याचा अपवाद गाळतो, तिथे तो होतो. सगळ्या कायद्यावर बोलत बसण्यापेक्षा मी एकच तरतूद घेतो, कारण आपल्या शहरात तिची गाठ वारंवार पडते.

ग्राहक म्हणजे कोण, याची व्याख्या ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(७) मध्ये आहे. व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू घेणारा ग्राहक नव्हे, असे ते कलम सांगते. बहुतेक सोपी पुस्तके एवढे सांगून पुढच्या प्रकरणाकडे वळतात. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात मात्र म्हटले आहे की केवळ स्वयंरोजगारातून उपजीविका करण्यासाठी एखाद्याने वस्तू विकत घेतली आणि ती स्वतः वापरली, तर तो वापर व्यापारी प्रयोजनात मोडत नाही. हे स्पष्टीकरण गाळलेले पुस्तक मुंबईतल्या नोकरदार वाचकाला कदाचित पुरेसे होईल. गणवेश शिवणाऱ्या, घरात माग चालवणाऱ्या सोलापुरात ते अर्ध्या वाचकांना दारातूनच परत पाठवते.

उदाहरण घेऊ. पूर्व भागातल्या एक ताई घरी शाळेचे गणवेश शिवतात. त्यांनी पुण्याच्या एका विक्रेत्याकडून ४६,००० रुपयांना मोटरवर चालणारे शिलाई मशीन मागवले. महिन्याभरात टाके सुटू लागले, मोटर तापू लागली; विक्रेत्याचा माणूस दोनदा येऊन गेला आणि तिसऱ्यांदा त्याने फोन उचलणे बंद केले. ताई स्वतः मशीनवर बसतात आणि शेजारची एक मुलगी धागे कापण्यासाठी व काजबटणासाठी येते. पहिल्या प्रकारचे पुस्तक वाचून त्या एवढाच अर्थ काढतील की मशीन धंद्यासाठी घेतले, म्हणजे आपला विषय संपला. सर्वोच्च न्यायालयाने मात्र लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात हाच प्रश्न उदाहरणांनी उलगडला आहे. स्वतः चालवून पोट भरण्यासाठी रिक्षा किंवा लेथ मशीन घेणारा माणूस ग्राहकच आहे, आणि मदतीला एक-दोन माणसे घेतल्याने त्याचे ग्राहकपण जात नाही. तेच यंत्र पूर्णपणे दुसऱ्याच्या हाती चालवायला दिले, तर मात्र जाते. आता सांगा, ही दोन उदाहरणे समजायला वकिलीची पदवी लागते का? त्या लेखातल्या माझ्या पुस्तकांच्या यादीत जे पुस्तक मी सर्वांत वर ठेवले, ते याच कारणासाठी ठेवले की त्यात हा फरक दीड पानात, उदाहरणे देऊन सांगितला आहे. पूर्व भागातल्या अनेक घरांत घरची भाषा तेलुगू आहे आणि मराठी शाळेतून आलेली आहे. तिथे वाक्याच्या साधेपणाचे मोल तुम्हा-आम्हाला वाटते त्याहून जास्त असते.

तुमच्या आक्षेपातला सर्वांत वजनदार भाग मला वाटतो तो पुढे येतो, आणि तो पुस्तकांच्या शेवटी छापलेल्या नमुना तक्रारीशी निगडित आहे. नमुना साधारण असा असतो : “तक्रारदार यांनी विरुद्ध पक्षाकडून अमुक दिनांकास अमुक रकमेस वस्तू खरेदी केली असून तक्रारदार हे विरुद्ध पक्षाचे ग्राहक आहेत.” फ्रिज घेणाऱ्याला एवढे पुरते. ताईंनी हाच नमुना उतरवून काढला, तर विरुद्ध पक्षाचे वकील लेखी म्हणण्याच्या पहिल्याच परिच्छेदात व्यापारी प्रयोजनाची हरकत घेतील आणि तक्रारीत तिला उत्तरच नसेल. तिथे आणखी एक वाक्य हवे : “सदर मशीन तक्रारदार यांनी केवळ स्वयंरोजगारातून स्वतःच्या उपजीविकेसाठी घेतले असून त्या ते स्वतः चालवतात.” पाठोपाठ मदतनिसाचा खरा उल्लेख आणि घरात उपजीविकेचे दुसरे साधन काय आहे, हेही यावे. हे वाक्य नसलेला नमुना छापणारे पुस्तक मीही कोणाला देणार नाही.

बिलाची गोष्ट त्याला जोडूनच आहे. विक्रेता विचारतो, “जीएसटी नंबर आहे का? त्याच नावाने बिल करतो.” गणवेशाच्या धंद्यासाठी कोणी नोंदणी केलेली असली, की बिल व्यक्तीच्या नावाऐवजी फर्मच्या नावाने निघते आणि पुढे तोच कागद हरकतीला आधार म्हणून दाखवला जातो. एवढ्याने ग्राहकपण संपते असे नाही, पण मग उपजीविकेचा पुरावा जास्त भक्कम लागतो. इथे २०२४ सालचा एक निकाल पुस्तकांत यायला हवा. चिट फंडाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की व्यवहार व्यापारी प्रयोजनासाठी होता हे दाखवण्याची जबाबदारी आधी तसा दावा करणाऱ्या विरुद्ध पक्षावर आहे. त्याने ते दाखवले, तरच स्वयंरोजगाराचा अपवाद सिद्ध करण्याचे ओझे तक्रारदारावर येते. म्हणून ते वाक्य तक्रारीत लिहू नये, असा अर्थ कोणी काढू नये. लिहायला काही खर्च येत नाही आणि न लिहिण्याची किंमत मोठी असते.

पुस्तक शिळे होते, हे तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. किंबहुना ते तुम्ही म्हणता त्याहून अधिक फसवे आहे. १९८६ च्या कायद्यावरचे पुस्तक ओळखणे सोपे असते, कारण त्यात ‘जिल्हा मंच’ आणि वीस लाखांची मर्यादा असते. अडचण २०२० आणि २०२१ साली छापलेल्या पुस्तकांची आहे. मुखपृष्ठावर ‘नवीन कायदा’ असते, आत जिल्हा आयोगाची मर्यादा एक कोटी रुपये दिलेली असते, आणि त्या वेळी ती बरोबरही होती. डिसेंबर २०२१ च्या नियमांनी ती पन्नास लाखांवर आली. म्हणून दुकानात उभ्या उभ्या पुस्तक पारखायचे असेल, तर मी प्रथम हा आकडा पाहतो, आणि मग तो कशावर मोजायचा हे लिहिले आहे का ते पाहतो. जुन्या कायद्यात वस्तूची किंमत आणि मागितलेली भरपाई यांची बेरीज होत असे. आता प्रत्यक्ष दिलेला मोबदला पाहिला जातो. हे न सांगणारे पुस्तक फ्लॅटच्या तक्रारीत माणसाला विनाकारण राज्य आयोगाची वाट दाखवेल. ताईंच्या दृष्टीने आणखी मोठा बदल असा आहे की तक्रारदार जिथे राहतो, तिथल्या जिल्हा आयोगातही आता तक्रार दाखल करता येते. विक्रेता पुण्याचा असला, तरी ताईंनी पुण्याला खेटे घालण्याचे कारण उरलेले नाही.

वकिलाकडे पाठवण्याविषयी. ४६,००० रुपयांच्या तक्रारीला आयोगाचे शुल्क शून्य आहे, कारण दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर ते लागतच नाही. तक्रारदाराने स्वतः उभे राहून बाजू मांडण्यासही मोकळीक आहे. या रकमेत वकिलांची फी आणि तारखांना बुडणारी शिलाई वजा केली, तर हातात काय राहील याचा हिशेब ताई माझ्याहून चांगला करतील, आणि बहुधा तक्रारच करणार नाहीत. मात्र पुस्तकाने स्वतःची हद्द कुठे संपते हे सांगितले पाहिजे, यावर मी तुमच्या बाजूचा आहे. मशीनचा दोष नुसता पाहून ठरवता येत नसेल, तर आयोग ते तपासणीसाठी पाठवू शकतो आणि त्याचे शुल्क तक्रारदाराला आधी भरावे लागते. तोपर्यंत ओळखीच्या मेकॅनिकने मशीन खोलून ठेवले असेल, तर दोष मूळचा की नंतरचा, असा वाद उभा राहतो. असा वाद पेटला, समोरून आदेशावर अपील झाले, किंवा ‘तुम्ही ग्राहकच नाही’ म्हणून तक्रार फेटाळली गेली आणि दिवाणी न्यायालयात जाण्याचा प्रश्न आला, तर पुस्तक मिटून तुमच्यासारख्यांकडे यावे. अपिलाची मुदत पंचेचाळीस दिवसांची असते, त्यामुळे आदेश हाती पडताच यावे.

राहिला प्रश्न मुदतीचा, ज्याचा तुम्ही खेदाने उल्लेख केला आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे, हे जवळपास प्रत्येक पुस्तकात असते. पण त्याच पुस्तकांत आधी विक्रेत्याला पत्र, मग स्मरणपत्र, मग रजिस्टर पोस्टाने नोटीस अशी पायरी-पायरीची शिडी दिलेली असते, आणि पत्रव्यवहार चालू आहे म्हणजे मुदतही थांबली आहे, असा वाचकाचा समज होतो. नोटिसा पाठवत राहिल्याने मुदत वाढत नाही. विलंब माफीचा अर्ज करता येतो, परंतु त्यासाठी पुरेसे कारण दाखवावे लागते, आणि “ते पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो म्हणाले” हे कारण दरवेळी चालेलच असे नाही. यादीतल्या दोन पुस्तकांत ही शिडी आहे आणि मुदतीची सूचना तिच्यापासून तीस पाने दूर आहे. त्या दोन्ही नावांपुढे मी आजच तशी टीप जोडली आहे. तुमच्याकडे आलेल्या प्रकरणांत नमुना तक्रारीतले आणखी एखादे वाक्य सतत सुटलेले आढळत असेल, तर पक्षकारांची नावे वगळून ते जरूर कळवा. तेही मी टिपेत घालीन.

आपला,
ब्लॉगलेखक, सोलापूर