मिनिटे उरतात आणि फोन मात्र लागत नाही

«व्यवसायासाठी व्हर्च्युअल नंबर घेताना एकच गोष्ट बघा : महिन्याला मिनिटे किती मिळतात. मिनिटे भरपूर असली की कॉल कधीच अडत नाहीत आणि महिनाअखेर मिनिटे उरली म्हणजे प्लॅन योग्य आहे असे समजा. लाइन किती, नंबरचे भाडे किती, रेकॉर्डिंग किती दिवस राहते, या किरकोळ बाबी आहेत, त्या नंतर बघता येतात.»

ज्याला दिवसभर स्वतःहून ग्राहकांना फोन लावायचे आहेत, त्याच्यासाठी या सल्ल्यात थोडे तथ्य आहे, कारण त्याच्या बिलाचा मोठा भाग खरोखरच मिनिटांचा असतो. परंतु बहुतेक लहान व्यवसाय असा नंबर घेतात तो ग्राहकांचे फोन यावेत म्हणून, आणि तिथे हा सल्ला उलटा पडतो. माझे काम अशा यंत्रणा बसवून देण्याचे असल्यामुळे हाताळलेले एकच प्रकरण इथे उलगडून दाखवतो. आकडे हिशेबाला सोपे जावेत म्हणून किंचित ढोबळ केले आहेत.

घरगुती उपकरणे दुरुस्त करणाऱ्या एका सेवा केंद्राकडे 5,000 मिनिटांचा आणि दोन लाइनींचा प्लॅन होता. दिवसाला 70 ग्राहक फोन करत, सरासरी बोलणे अडीच मिनिटांचे होई आणि महिन्यात कामाचे दिवस 25 असत. दर महिन्याला हजार-बाराशे मिनिटे शिल्लक राहत, म्हणून मालक निर्धास्त होते. तक्रार आली ती ग्राहकांकडून, की सकाळी तुमचा फोन नेहमी एंगेज लागतो. मालकांनी मिस्ड कॉलची यादी पाहिली, तर ती जवळजवळ रिकामी होती, आणि त्यामुळे ग्राहकच अतिशयोक्ती करत आहेत असा त्यांचा समज झाला.

आता लाइनींचे बघू. मिनिटे ही महिन्याची बेरीज आहे, तर लाइन, म्हणजे एकाच वेळी चालू राहू शकणाऱ्या कॉलची संख्या, ही त्या क्षणाची मर्यादा आहे. दोन लाइनी दहा तास अखंड चालू राहिल्या तर 25 दिवसांत 30,000 मिनिटे वाहून नेतील. म्हणजे 5,000 मिनिटांना दोन लाइनी सरासरीने सहापट पुरतात. पण ग्राहक सरासरीने फोन करत नाहीत. या केंद्रात 70 पैकी 24 कॉल सकाळी 10 ते 11 या एका तासात येत. 24 कॉल गुणिले अडीच मिनिटे म्हणजे 60 मिनिटांचे बोलणे एका तासात, आणि या भाराला दूरध्वनीच्या भाषेत एक अर्लांग म्हणतात. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. अर्लांग या डॅनिश गणितज्ञाने 1917 साली मांडलेले सूत्र आजही याच हिशेबासाठी वापरले जाते. एक अर्लांग भाराला एकच लाइन असेल तर निम्मे कॉल परत जातात, दोन असतील तर पाचांतला एक, तीन असतील तर सोळांतला एक, आणि चार असतील तर शंभरात दीड. लाइन एकेकाने वाढते, पण परत जाणारे कॉल कितीतरी पटींनी घटतात, हे या आकड्यांत ध्यानात घेण्यासारखे आहे.

या हिशेबाने दोन लाइनींवर त्या तासात पाचेक ग्राहक परत जायला हवे होते. सेवादात्याकडून कॉलची तपशीलवार नोंद मागवली तेव्हा प्रत्यक्षात बारा जात असल्याचे दिसले. कारण शोधायला वेळ लागला नाही. येणारा प्रत्येक कॉल कर्मचाऱ्याच्या मोबाइलवर वळवलेला होता, आणि हा सेवादाता आत येणाऱ्या टप्प्याला एक लाइन आणि बाहेर मोबाइलकडे जाणाऱ्या टप्प्याला दुसरी लाइन मोजत होता. सगळेच असे मोजत नाहीत, पण म्हणूनच हे आधी विचारायचे असते. परिणाम असा की दोन लाइनींच्या प्लॅनवर प्रत्यक्षात एका वेळी एकच ग्राहक बोलू शकत होता, आणि एका लाइनीचे उत्तर वर दिलेच आहे : 24 पैकी 12. शिवाय सूत्र असे गृहीत धरते की परत गेलेला माणूस पुन्हा प्रयत्न करत नाही. खरा ग्राहक लगेच दोनदा-तीनदा फोन लावतो, म्हणून गर्दीच्या तासातले वास्तव सूत्रापेक्षा वाईटच असते.

मिस्ड कॉलची यादी का रिकामी होती, तेही इथेच समजते. लाइन मोकळी नसताना आलेला कॉल सेवादात्याच्या दारातूनच परत फिरतो. तो तुमच्या यंत्रणेपर्यंत पोहोचत नाही, घंटा वाजत नाही, तेव्हा नोंद कशाची होणार? तो फक्त सेवादात्याच्या मूळ नोंदीत, `486 Busy Here` किंवा `503 Service Unavailable` यांसारख्या शेऱ्यासह सापडतो. ती नोंद मिळत नसेल तर एक साधी चाचणी करता येते. प्लॅनमध्ये जितक्या लाइनी लिहिल्या आहेत तितक्या फोनांवरून त्याच नंबरवर एकाच वेळी कॉल लावून ते उचलून चालू ठेवावेत, आणि मग आणखी एका फोनवरून लावावा. एंगेज टोन येण्यापूर्वी जितके कॉल एकाच वेळी चालू राहिले, तीच तुमची खरी मर्यादा. आम्ही केलेल्या चाचणीत दुसऱ्याच कॉलला एंगेज टोन आला. मालक काही क्षण गप्पच झाले.

शिल्लक मिनिटांचा अर्थही त्यानंतर बदलला. या प्लॅनमध्ये आत येणारा टप्पा मोफत होता आणि मोबाइलकडे वळवलेल्या टप्प्याची मिनिटे कापली जात होती, तीही पूर्ण मिनिटाच्या पल्सने. एक मिनिट पाच सेकंदांचा कॉल दोन मिनिटांचा धरला जातो, आणि लहानमोठे कॉल मिसळलेले असले की अशा पल्समुळे प्रत्येक कॉलमागे सरासरी अर्धे मिनिट जादा जाते. म्हणजे अडीच मिनिटांचे बोलणे बिलात तीन मिनिटांचे होते. गर्दीचे बारा आणि उरलेल्या दिवसातले सातआठ असे रोज वीसेक कॉल परत जात होते; लागलेले 50 कॉल गुणिले 25 दिवस गुणिले तीन मिनिटे म्हणजे 3,750 मिनिटे, आणि म्हणून 1,250 शिल्लक. सगळे 70 कॉल लागले असते तर 5,250 मिनिटे झाली असती, म्हणजे प्लॅनच्या बाहेर. योग्य निवडीची खूण म्हणून जी शिल्लक मालक अभिमानाने दाखवत होते, ती परत गेलेल्या ग्राहकांनीच तयार केली होती.

उपाय मिनिटे वाढवण्यात नव्हता. मोबाइलकडे वळवणे बंद करून कर्मचाऱ्यांच्या टेबलावर इंटरनेटवर चालणारे फोन ठेवले, तेव्हा प्रत्येक कॉलला एकच लाइन लागू लागली आणि येणाऱ्या कॉलची मिनिटे कापली जाणेही थांबले. लाइनी दोनाच्या चार केल्या. फोन घेणारी माणसे दोनच होती, त्यामुळे तिसरा आणि चौथा ग्राहक रांगेत थांबतो. रांगेतला माणूसही लाइन अडवतो आणि त्याच्या थांबण्यामुळे एकूण भार एक अर्लांगच्या थोडा वर जातो, हे मान्य करून चालावे लागते. स्वागताची ध्वनिफीत आणि ‘अमुकसाठी एक दाबा’ ऐकण्यातला वेळही याच हिशेबात येतो, म्हणून ती ध्वनिफीत आम्ही चांगलीच छाटली. माणसे न वाढवता लाइनी सहा-आठ करण्यात अर्थ नव्हता. त्याने एंगेज टोनच्या जागी लांबलेली रांग मिळाली असती. मिनिटांचा प्लॅन मात्र सर्वांत लहान घेता आला, कारण आता मिनिटे फक्त बाहेर लावलेल्या कॉलना लागत होती.

नंबरच्या भाड्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, पण जे आहे ते महत्त्वाचे आहे. भाडे नंबरमागे असते आणि एकही कॉल न आला तरी ते चालू राहते. ते थकले, किंवा आगाऊ भरलेली शिल्लक संपली, तर नंबर आधी बंद होतो, मग सेवादात्याच्या साठ्यात परत जातो आणि काही काळाने दुसऱ्या कुणाला दिला जातो. तोवर तो पावत्यांवर, पाट्यांवर आणि ग्राहकांच्या फोनमध्ये पसरलेला असतो. नंबर कोणाच्या नावावर नोंदला आहे आणि दुसऱ्या सेवादात्याकडे पोर्ट करून नेता येतो की नाही, हे दोन प्रश्न म्हणूनच घेण्यापूर्वी विचारायचे. दुसरा नंबर घेतल्याने लाइनी आपोआप वाढतात, असाही एक समज आढळतो. काही ठिकाणी प्रत्येक नंबरला स्वतःच्या लाइनी मिळतात, तर काही ठिकाणी सगळे नंबर मिळून त्याच दोन लाइनी वाटून घेतात, आणि दुसऱ्या प्रकारात तुम्ही एका अरुंद दाराला दोन पाट्या लावण्याचे भाडे भरत असता.

रेकॉर्डिंगच्या साठवणीत या केंद्राची पुन्हा एकदा गल्लत झाली होती. प्लॅनवर «90 दिवस, 5 जीबी» असे लिहिले होते आणि मालकांनी त्यातले 90 दिवस तेवढे वाचले होते. यांपैकी जी मर्यादा आधी गाठली जाते तीच लागू होते. दूरध्वनीच्या दर्जाचा आवाज सेकंदाला 8,000 नमुने आणि प्रत्येक नमुन्याला 16 बिट अशा न दाबलेल्या वेव्ह फाइलमध्ये ठेवला, तर मिनिटाला 0.96 एमबी लागते. ग्राहक आणि कर्मचारी यांचे आवाज दोन वेगळ्या ट्रॅकवर ठेवले, तर 1.92 एमबी. केंद्राचे रेकॉर्डिंग या दुसऱ्या प्रकारचे होते. आधी दिवसाला 125 मिनिटे रेकॉर्ड होत होती, म्हणजे 240 एमबी, आणि 5 जीबी जेमतेम 20 कामाच्या दिवसांत भरत. लाइनी वाढवून सगळे कॉल लागू लागल्यावर 175 मिनिटे झाली आणि तीच जागा 15 दिवसांत भरू लागली.

जागा भरल्यावर काय होते, हे सेवादात्यावर अवलंबून असते : कुठे सर्वांत जुनी फाइल गुपचूप पुसली जाते, कुठे नवे रेकॉर्डिंगच थांबते. दुसरा प्रकार अधिक घातक, कारण कॉल नेहमीसारखे चालू राहतात आणि काही बिघडल्याचे जाणवत नाही. ओळखण्यासाठी यादी तारखेनुसार लावून सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी फाइल उघडून ऐकावी. केंद्रातली सर्वांत जुनी फाइल तीन आठवड्यांचीही नव्हती, आणि एका ग्राहकाशी दुरुस्तीच्या ठरलेल्या खर्चावरून वाद चालू होता तो दीड महिन्यापूर्वीच्या कॉलबद्दल. तो कॉल अर्थातच मिळाला नाही. त्यानंतर सेटिंग बदलून रेकॉर्डिंग 32 केबीपीएसच्या एमपी3 मध्ये ठेवायला सुरुवात केली. तेव्हा मिनिटाला 0.24 एमबी, दिवसाला 42 एमबी, आणि त्याच 5 जीबीत 90 दिवसांतल्या साधारण 75 कामाच्या दिवसांचे सगळे कॉल मावतात, वर दीड जीबीहून अधिक जागा मोकळी राहते.