‘वय शे त्यानं’

आज पारोळ्याला साखरपुड्यात पंगतीला बसलो होतो. शेजारी वहिनी. त्यांचा मुलगा अकरावीत. सहज विचारलं, तर म्हणाल्या, दोन महिने झाले, नुसता अंगावर येतो. रात्रभर जागा, दुपारपर्यंत झोप, क्लास बुडवतो, क्रिकेट सोडलं. समोरचे काका लगेच म्हणाले, "वय शे त्यानं." आणि सगळे जेवायला लागले.

माझा घास अडकला. कारण हेच वाक्य आम्ही नानांबद्दल बोललो होतो. वडील, वय ७१. पहाटे तीनला उठून ओट्यावर बसायचे. भरीत-भाकरीचं ताट परत करायचे. पोटात आग होते म्हणायचे, म्हणून सोनोग्राफी केली, दुर्बीण घातली, सगळं नॉर्मल. शेतात जाणं बंद. मग नावं विसरायला लागले आणि आम्ही ठरवून टाकलं, "वय व्हयनं आते." आठ महिने! आठ महिने आम्ही त्या माणसाला तसंच बसू दिलं.

मानसोपचारतज्ज्ञांनी नानांना साधे प्रश्न विचारले. प्रत्येकाला एकच उत्तर, "माहीत नाही." प्रयत्नच नाही. डॉक्टर म्हणाले, स्मृतिभ्रंशाचा माणूस बहुतेकदा काहीतरी उत्तर जुळवतो, विसरणं झाकतो. नैराश्यातला स्वतःच सांगतो की माझं डोकं चालत नाही. (दोन्ही एकत्रही असू शकतं, हे मान्य.) थायरॉईड आणि बी-१२ तपासून नैराश्याची गोळी सुरू केली, अगदी कमी डोसने. पाचव्या आठवड्यात नानांनी विचारलं, "कपाशीले पाणी दिधं का?" मी मोटारीकडे जाऊन रडलो.

नाना एकदाही म्हणाले नाहीत की मला उदास वाटतं. ते पोट म्हणाले. हा पोरगाही म्हणणार नाही, तो दार आपटेल. या वयात नैराश्य पुष्कळदा चिडचिड होऊनच बाहेर येतं. वहिनी म्हणाल्या, "मित्रांत तर हसतो, मग नाटकंच ना?" नाही हो वहिनी. या वयात मित्र आले की तासभर मन वर येतं, ते गेले की परत खाली. त्या हसण्यावरूनच घरच्यांची फसगत होते.

हो, चिडकी पोरं घरोघरी असतात. पण ती आईवर चिडतात आणि संध्याकाळी मैदानावर असतात. ज्याचं घर, क्लास, खेळ सगळंच दोन आठवड्यांहून जास्त विस्कटलंय, त्याला वय म्हणून सोडायचं नाही. मरणाचे विचार येतात का, हेही सरळ विचारायचं. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत.

पंगतीत मी गप्प बसलो, त्याचा राग आत्तापर्यंत गेला नव्हता. आता वहिनींना फोन केला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला, फुकट आहे, मराठीत बोलतात. सोमवारी त्याला डॉक्टरकडे नेतोय. नाना म्हणाले, "मी बी येस."