चाळीस अधिक वीस बरोबर बावन्न

आषाढ लागला की लक्ष्मी रस्त्यावर पाऊस आणि सेल एकदमच सुरू होतात. पावसापासून छत्रीनं बचाव करता येतो. 'फ्लॅट ४०% + जादा २०%' या फलकापासून बचाव करणारं काही अजून तुळशीबागेतसुद्धा विकायला आलेलं नाही. त्या फलकात ४० आणि २० हे आकडे हातभर उंच असतात, अधिकचं चिन्ह त्याहून ठसठशीत असतं, आणि खाली कोपऱ्यात मुंगीच्या अक्षरात 'अटी लागू' असतं. पण '= ६०%' असं कुठंही लिहिलेलं नसतं. ते आपण मनात लिहितो. दुकानदार खोटं बोलत नाही. तो आपल्याकडून बेरीज करून घेतो, तीही फुकट.

आपलं एरवीचं शहाणपण इथं कुठं जातं, हा माझ्यापुढचा जुना प्रश्न आहे. मंडईत पावशेर मिरचीवर चार रुपयांची घासाघीस करणारा माणूस साडीच्या दुकानात शिरताच भाबडा होतो. त्यातून समोरच्याच दुकानावर 'सरसकट ५५%' अशी पाटी असली, तर तो तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहतो आणि साठवाल्याच्या पायऱ्या चढतो.

आता पिशवीत काय काय पडतं ते पाहू. एक साडी, छापील किंमत ५,००० रुपये. एक झब्बा १,५०० चा. एक फ्रॉक १,००० चा. एकूण ७,५००. मनातल्या साठ टक्क्यांप्रमाणे ४,५०० सुटायला हवेत आणि ३,००० द्यायला हवेत. काउंटरवरचं यंत्र मात्र आधी ७,५०० चे ४० टक्के, म्हणजे ३,००० वजा करतं. राहिले ४,५००. मग जादा २० टक्के लावतं, पण ते या उरलेल्या ४,५०० वर. म्हणजे ९०० रुपये. बिल येतं ३,६०० चं.

"अहो, सहाशे जास्त लावलेत!"

"काका, चाळीस अधिक वीस लावलेत. बघा ना."

दोघंही बरोबर असतात आणि रांग मागं वाढत जाते. ते जादा २० टक्के मूळ किमतीच्या हिशेबात फक्त १२ टक्के असतात, कारण ७,५०० पैकी ९०० म्हणजे १२ टक्केच. चाळीस आणि बारा, बावन्न. समोरच्या दुकानात ५५ टक्क्यांनी हाच माल ३,३७५ ला मिळाला असता, म्हणजे २२५ रुपये स्वस्त. त्या ५५ ची बरोबरी करायची तर या दुकानाला ४० वर २० नाही, २५ टक्के जादा द्यावे लागतील.

हे दुकानाबाहेर, छत्रीखाली, एका हातात पिशवी असताना करायचं असतं, म्हणून सोपी रीत सांगतो. दोन्ही टक्क्यांची बेरीज करा, त्यांचाच गुणाकार करून शंभरानं भागा आणि तो आकडा बेरजेतून काढून टाका. ४० आणि २० ची बेरीज ६०. गुणाकार ८००, त्याचे शंभरानं भागून ८. साठातून आठ गेले, बावन्न. ज्यांना वजाबाकीचा कंटाळा आहे त्यांनी सूट विसरून 'काय उरतं' ते धरावं: ४० गेले की उरतात ६०, आणि साठाचे ८० टक्के म्हणजे ४८. शंभरातले अठ्ठेचाळीस आपण देणार.

यावरही ज्यांचा विश्वास बसत नाही त्यांनी '५०% + ५०%' चा फलक डोळ्यांपुढं आणावा. बेरीज खरी मानली तर साडी फुकट मिळायला हवी, आणि '६०% + ५०%' असेल तर दुकानदारानं आपल्याला साडीसोबत वर पैसे द्यायला हवेत. पुण्यात हे होणार नाही. ५० आणि ५० चे होतात ७५. पाव किंमत राहतेच.

यातली एक गंमत फलक रंगवणाऱ्यांना ठाऊक असावी असा मला दाट संशय आहे. बेरीज साठच ठेवायची, पण वाटणी बदलायची. ५० + १० चे होतात ५५. ४० + २० चे ५२. ३० + ३० चे फक्त ५१. वाटणी जितकी सारखी, तितकी सूट कमी, कारण तितका तो गुणाकार मोठा. दिसायला सगळ्यात समतोल फलक ग्राहकाला सगळ्यात महाग.

आधी वीस लावून मग चाळीस लावा, असा हट्ट धरणारेही भेटतात. धरू नये. ७,५०० चे २० टक्के जाऊन ६,०००, त्याचे ४० टक्के जाऊन पुन्हा ३,६००च. टक्क्यांचा क्रम कसाही फिरवा, पैचा फरक पडत नाही. हट्ट राखून ठेवावा तो ५०० रुपयांच्या कुपनासाठी, कारण तिथं क्रम बोलतो. आधी ४० टक्के आणि मग कुपन: ४,५०० तून ५०० जाऊन ४,०००. आधी कुपन आणि मग टक्के: ७,००० चे ४० टक्के जाऊन ४,२००. आधी वापरलेल्या कुपनावरही ४० टक्क्यांची कात्री चालते आणि त्याचे ३०० च उरतात. म्हणून ठरावीक रकमेचं कुपन नेहमी शेवटी काढावं. काउंटरवरच्या मुलीला ते आधी दाखवलं तरी चालेल, फक्त "टक्के लावून झाल्यावर घ्या" असं सांगावं.

खरा पेच मात्र त्या मुंगीच्या अक्षरात असतो. 'जादा २०% फक्त ५,००० च्या बिलावर.' आता ५,००० कुठले, छापील किमतीचे की पहिल्या सुटीनंतरचे? छापील धरले तर आपले ७,५०० सहज बसतात. सुटीनंतरचे धरले तर आपण ४,५०० वर अडकलो, वीस टक्के गेले, आणि बिल ४,५०० चंच. हे माल निवडण्याआधी विचारायचं असतं. पाकीट उघडल्यावर विचारलं तर उत्तर ऐकण्यापलीकडं काही उरत नाही.

उत्तर 'सुटीनंतरचे' आलं, तर गणित भलतीच उडी मारतं. ८५० रुपये छापील किमतीची एक चादर उचला. एकूण झाले ८,३५०. चाळीस टक्के गेले, ५,०१०. उंबरठा ओलांडला, आता वीस टक्के लागू, बिल ४,००८. म्हणजे चादर घेतली नाही तर ४,५००, आणि चादरीसकट ४,००८. चादर फुकट तर आलीच, वर ४९२ रुपये घेऊन आली. "कशाला हवी आणखी एक चादर, कपाटात सात आहेत" हे वाक्य घरात कायम बरोबर असतं. फक्त या एका बिलापुरतं ते ४९२ रुपयांनी चूक असतं.

चादर घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी परत करायची, असा बेत कुणाच्या डोक्यात शिजत असेल तर त्यानं गल्ल्यामागची भिंत नीट वाचावी. 'सेलमधील माल परत अथवा बदलून मिळणार नाही' ही पाटी तिथं असते, आणि तिची अक्षरं मात्र चांगली वीतभर असतात.